गळा आणि मोज्याचा काठ सैल बंद करण्याविषयी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून लोकर घेऊन घरी स्वेटर आणि मोजे विणणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. संपूर्ण विणकाम मापात उतरते, पण स्वेटर डोक्यातून आत जात नाही किंवा मोजा टाचेपाशीच अडकतो, अशी तक्रार दुकानात वारंवार येते. अशा वेळी बहुतेक जण टाके कमी घातले गेले असे समजतात. प्रत्यक्षात दोष बहुधा शेवटच्या ओळीत, म्हणजे टाके बंद करण्याच्या पद्धतीत असतो, आणि बाकीचे सर्व काम न उसवता तो दूर करता येतो.

नेहमीच्या पद्धतीत आपण दोन टाके विणतो, पहिला टाका दुसऱ्यावरून ओढून सोडतो, मग पुढचा टाका विणतो आणि पुन्हा तेच करतो. त्यातून काठावर आडवी साखळी तयार होते. या साखळीत प्रत्येक टाक्याच्या वाट्याला लोकरीचा एकच लहान फास येतो, आणि काठ ताणला की तो फास सरळ होऊन तिथेच थांबतो. खालची एक सुलट एक उलट पट्टी मात्र सहज दीडपटीहून अधिक ताणली जाते, कारण तिचे उलट टाके आत दडलेले असतात आणि ओढ लागताच ते उघडतात. पट्टीला पसरायचे असते आणि साखळी पसरू देत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे : पट्टी दोन्ही हातांनी ताणून पाहावी. काठ दोरीसारखा ताठ राहून त्याखालची पट्टी फुगत असेल, तर काठ घट्ट झाला आहे.

काठ किती ताणला जायला हवा, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा मोजून ठरवावे. मोज्याच्या बाबतीत नडगीचा घेर पुरेसा नसतो. मोजा घालताना काठाला टाचेच्या टोकापासून पावलाच्या वरच्या उंचवट्यावरून जाणाऱ्या तिरप्या घेरावरून सरकावे लागते. समजा, हा तिरपा घेर ३२ सेंटीमीटर आहे, मोज्याच्या बारीक लोकरीत १० सेंटीमीटरला ३२ टाके बसतात आणि काठावर ६४ टाके आहेत. साध्या सुलट विणीत एवढ्या टाक्यांची रुंदी २० सेंटीमीटर होते; म्हणजे काठाला स्वतःच्या दीडपटीहून जास्त, साधारण १.६ पट पसरायचे आहे. ३२ सेंटीमीटरला ६४ ने भागले की प्रत्येक टाक्याच्या वाट्याला ५ मिलिमीटर येतात. आता त्याच लोकरीने आणि त्याच सुयांनी २० टाक्यांचा लहान नमुना विणून बंद करावा आणि त्याचा काठ मोजपट्टीवर ताणून पाहावा. तो १० सेंटीमीटरपर्यंत आरामात पोहोचला पाहिजे. नेहमीच्या पद्धतीने बंद केलेला नमुना आमच्या दुकानात ठेवला आहे. तो जेमतेम ७ सेंटीमीटरपर्यंत जातो.

हाच हिशेब पाच वर्षांच्या मुलाच्या गोल गळ्याच्या स्वेटरला लावला तर उत्तर वेगळे येते. डोक्याचा घेर ५१ सेंटीमीटर धरला आणि कानांसाठी २ सेंटीमीटर वाढवले, तर ५३ सेंटीमीटर हवेत. ४ मिलिमीटरच्या सुयांवर १० सेंटीमीटरला २२ टाके असतील आणि गळ्याभोवती ९२ टाके उचलले असतील, तर त्यांची रुंदी सुमारे ४२ सेंटीमीटर होते. म्हणजे सव्वापटीहून किंचित जास्त ताण पुरेसा आहे, आणि २० टाक्यांचा नमुना ११.५ सेंटीमीटरपर्यंत ताणला गेला की काम भागते. मोज्याची गरज गळ्याच्या गरजेपेक्षा बरीच मोठी आहे. म्हणूनच दोन्हींना एकच पद्धत लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मोज्याच्या काठासाठी आम्ही जी पद्धत सुचवतो ती अमेरिकेतील विणकर जेनी स्टाइमन यांनी मांडली आणि २००९ साली ‘निटी’ या इंटरनेटवरील विणकामाच्या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. ‘जेनीज सरप्रायझिंगली स्ट्रेची बाइंड-ऑफ’ या नावाने ती सर्वत्र ओळखली जाते. तिचे तत्त्व एवढेच आहे की प्रत्येक टाका विणण्याआधी सुईवर लोकरीचा एक जादा वेढा घ्यायचा आणि टाका विणून झाल्यावर तो वेढा त्याच टाक्यावरून ओढून सोडायचा. या वेढ्यामुळे प्रत्येक टाक्याच्या बुडाशी जास्तीची लोकर राहते, आणि काठ ताणला की ती लोकर कामी येते.

वेढ्याची दिशा येथे महत्त्वाची आहे. पुढचा टाका सुलट असेल तर लोकर मागे असते. ती उजव्या सुईवरून मागून पुढे आणावी आणि सुईच्या खालून परत मागे न्यावी, म्हणजे नेहमीच्या वेढ्याच्या उलट दिशेने घ्यावी. मग टाका सुलट विणून डाव्या सुईच्या टोकाने तो वेढा नुकत्याच विणलेल्या टाक्यावरून ओढून सोडावा. पुढचा टाका उलट असेल तर लोकर पुढे असते. ती उजव्या सुईवरून पुढून मागे न्यावी, सुईच्या खालून पुन्हा पुढे आणावी, टाका उलट विणावा आणि वेढा त्याच रीतीने त्यावरून सोडावा. असे दोन टाके तयार झाले की नेहमीप्रमाणे पहिला टाका दुसऱ्यावरून ओढून सोडावा. त्यानंतर प्रत्येक नव्या टाक्यासाठी वेढा, टाका, वेढा सोडणे आणि आधीचा टाका सोडणे हा क्रम चालू ठेवावा. सुलट टाक्यासाठी वेढा चुकीच्या दिशेने घेतला तर तो टाक्यावरून सोडताना अडखळतो आणि पिळलेला दिसतो. असे जाणवताच तेवढा एक टाका मागे घ्यावा. पुढे जाऊन तो दुरुस्त करणे कठीण जाते.

शेवटी सुईवर एकच टाका उरतो. लोकर साधारण १५ सेंटीमीटर ठेवून कापावी आणि त्या टाक्यातून पूर्ण ओढून घ्यावी. गोल विणलेल्या मोज्यात या ठिकाणी एक पायरी दिसते. लोकर बोथट सुईत ओवून पहिल्या बंद टाक्याच्या साखळीखालून न्यावी आणि जेथून निघाली तेथेच परत आत घालावी, म्हणजे गोल जुळून येतो.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. वरून खाली, म्हणजे नडगीकडून बोटांकडे विणलेल्या मोज्यात वरचा काठ सुरुवातीच्या टाक्यांचा असतो. तेथे टाके सैल घालणे महत्त्वाचे आहे. त्याला हे माहितीपत्रक लागू नाही. ही पद्धत बोटांकडून सुरू करून नडगीवर संपवलेल्या मोज्यासाठी आहे.

गळ्याला मात्र हीच पद्धत लावली तर बरेचदा काठ झालरीसारखा लाटा घेतो, कारण तेथे जास्तीची लोकर वापरली जाईल इतका ताण येतच नाही. गळ्यासाठी दोन टाके एकत्र विणून बंद करण्याची साधी पद्धत आम्हाला अधिक पटते. दोन टाके पट्टीच्या विणीप्रमाणे विणावेत. मग लोकर मागे ठेवून डाव्या सुईचे टोक उजव्या सुईवरील त्या दोन्ही टाक्यांच्या पुढच्या बाजूने आत घालावे आणि दोन्ही मागच्या अंगाने एकत्र सुलट विणावेत. उजव्या सुईवर एक टाका राहतो. पुढचा टाका त्याच्या स्वभावाप्रमाणे सुलट किंवा उलट विणावा आणि पुन्हा दोन्ही एकत्र विणावेत. उलट टाका विणल्यावर लोकर मागे न्यायला विसरू नये. विसरल्यास सुईवर एक अनावश्यक वेढा पडतो. या पद्धतीत आधीचा टाका नुसता ओढून सोडला जात नाही, तर पुन्हा विणला जातो, म्हणून साखळीत लोकर जास्त राहते आणि काठ सपाटही दिसतो. हात मुळातच घट्ट असेल, तर उजव्या हाती एक नंबर जाड सुई घ्यावी.

नुसती सुई जाड घेऊन नेहमीच्या पद्धतीने बंद केले तर चालेल का, असे पुष्कळ जण विचारतात. थोडा फरक पडतो, पण ओळीच्या मध्यावर हात आपोआप घट्ट होत जातो आणि काठ एका जागी सैल तर दुसऱ्या जागी आवळलेला राहतो. वर सांगितलेल्या दोन्ही पद्धतींत सैलपणा हाताच्या सवयीवर कमी आणि टाक्याच्या रचनेवर जास्त अवलंबून असतो. मात्र प्रत्येक टाक्यानंतर लोकर खेचण्याची सवय असेल, तर कोणतीच पद्धत पुरी पडत नाही.

काठाला पसरू देणे एवढेच काम बंद करण्याच्या पद्धतीचे आहे. काठ परत आकसून घेणे हे पट्टीचे आणि लोकरीचे काम आहे. मेरिनो किंवा नायलॉनमिश्रित मोज्याच्या लोकरीत तो परत येतो. सुती धाग्यात तशी लवचीकता नसते. म्हणून सुती स्वेटरचा गळा अति सैल बंद केला, तर काही धुण्यांनंतर तो खांद्याकडे ओघळू लागतो. सुती कामात नमुना हव्या त्या मापापर्यंत जेमतेम पोहोचला की तेथेच थांबावे. खांद्याचे टाके, खिशाचा काठ आणि पुढून उघडणाऱ्या स्वेटरचा गळा यांना आकार धरून ठेवायचा असतो. तेथे नेहमीचीच पद्धत योग्य आहे.

या पद्धतींना लोकर जास्त लागते, आणि ती शेवटच्या काही टाक्यांवर संपली तर फार त्रास होतो. त्यासाठी गोळ्याकडे जाणाऱ्या लोकरीवर, सुईपासून एक मीटर अंतरावर, रंगीत दोऱ्याची सैल गाठ बांधावी, १० टाके बंद करावेत आणि खूण आता सुईपासून किती अंतरावर आहे ते मोजावे. जेवढे अंतर कमी झाले तेवढी लोकर १० टाक्यांना लागली; उरलेल्या टाक्यांचा हिशेब त्यावरून करता येतो.

आधीच घट्ट बंद झालेला काठ उसवण्यापूर्वी काठाच्या लगत खालच्या ओळीतील प्रत्येक टाक्यातून, एकही न सोडता, वेगळ्या रंगाचा बारीक दोरा ओवून घ्यावा. मग शेवटचे टोक सोडवून साखळी उलट दिशेने उसवावी. टाके दोऱ्यावर थांबतात, तेथून ते पुन्हा सुईवर घेता येतात. काठ नव्याने बंद केल्यावर लोकरीचे टोक काठाच्या साखळीतून आडवे ओवू नये. तसे केल्यास तेवढा भाग पुन्हा ताठ होतो. ते मागच्या बाजूने एकाच सुलट टाक्याच्या उभ्या रांगेतून खाली चार-पाच ओळी न्यावे, काठ एकदा पूर्ण ताणून सोडावा आणि मगच उरलेले टोक कापावे.