कमेंटचा आकडा २१४, दिसतात १८७

व्हिडिओखालचा कमेंटचा आकडा मोठा असतो आणि मोजायला गेलो तर कमी भरतात, असे का? यूट्यूबच्या सुरुवातीच्या काळात हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण अपमानास्पद कमेंटही बहुतेक तशीच पडून राहायची. नोव्हेंबर २०१३ मध्ये कमेंट गूगल प्लस या गूगलच्या तेव्हाच्या सोशल नेटवर्कला जोडल्या गेल्या. लोक भयंकर चिडले. पण त्याच बदलात उत्तरे मूळ कमेंटखाली घड्या घालून बसू लागली आणि चॅनेलवाल्यांना नको असलेले शब्द अडवायची सोय मिळाली. जोडणी पुढे तुटली, घड्या मात्र राहिल्या.

खरी वादाची गोष्ट आली २०१६ च्या अखेरीस. शंकास्पद वाटणारी कमेंट यंत्रणेने परस्पर बाजूला ठेवावी आणि चॅनेलवाल्याने मंजूर केल्यावरच ती दिसावी, अशी सोय सुरू झाली. यालाच सगळे ‘होल्डवर गेली’ म्हणतात. ज्याची कमेंट अडकली त्याला कळवले जात नाही. स्वतःच्या खात्यातून त्याला ती बऱ्याचदा दिसतही राहते. म्हणून ‘माझी कमेंट उडवली’ हा आरोप होतो आणि तो निम्मा खरा असतो, कारण उडवलेली नसली तरी इतरांच्या दृष्टीने ती नाहीच. सुमारे ६० दिवस कोणी हात लावला नाही, तर ती होल्डमधूनही जाते. इतक्या शांतपणे माणसाला गप्प बसवणे मला तरी पटत नाही, पण शिवीगाळ बघून कंटाळलेल्या चॅनेलवाल्यांना ही सोय हवीच होती.

समजा, पुण्यातल्या विसर्जन मिरवणुकीच्या व्हिडिओवर डीजे विरुद्ध ढोल-ताशा असा वाद पेटला आहे. वर आकडा २१४. मूळ कमेंट मोजल्या तर ९६ भरतात. शिवाय सगळ्या घड्या उघडून ९१ उत्तरे मोजली. झाल्या १८७, म्हणजे २७ कमी. आता चॅनेलवाल्याने यूट्यूब स्टुडिओत कमेंटच्या पानावर होल्डचा भाग उघडला. तिथे १९ सापडल्या, त्यांतल्या बऱ्याचशा ‘डीजे’ शब्दामागे शिवी असलेल्या. उरलेल्या ८ पैकी काही चॅनेलवाल्याने ‘लपवलेल्या’ माणसांच्या असू शकतात, काही स्पॅममध्ये गेलेल्या, तर काही नुकत्याच काढलेल्या, ज्यांची वजाबाकी आकड्यात अजून झालेली नाही. बाहेरून बघणाऱ्याला या आठांची फोड करता येत नाही.

काढलेल्या कमेंटची आणखी एक गंमत आहे. मूळ कमेंट डिलीट केली की तिच्याखालची उत्तरेही जातात. १४ उत्तरे असलेली एक काढली तर एका क्लिकमध्ये १५ कमी होतात, आणि ‘पंधरा कमेंट उडवल्या’ अशी ओरड सुरू होते.

यूट्यूबच्या डेटा एपीआयमधून प्रोग्रॅम लिहून मोजणाऱ्यांचीही फसगत होते. व्हिडिओच्या माहितीतला `commentCount` एक सांगतो आणि `commentThreads.list` भलतेच देते, कारण त्यात प्रत्येक कमेंटखालची सगळी उत्तरे येतीलच असे नाही. ती `comments.list` ला `parentId` देऊन वेगळी मागवावी लागतात. होल्डवरच्या कमेंट तर चॅनेलच्या मालकाच्या परवानगीशिवाय मिळतच नाहीत.