केशराची पाणी-चाचणी

केशराच्या काड्या कोमट पाण्यात टाकून त्यांचा रंग किती वेळात आणि कशा छटेत उतरतो, यावरून केशराचा खरेपणा आणि काही अंशी त्याचा कस ठरवण्याची पद्धत. अस्सल केशराचा रंग सावकाश उतरतो, पाणी पिवळे ते सोनेरी होते आणि काडी मात्र बराच वेळ लालच राहते. लाल काडीतून पिवळे पाणी निघणे अनेकांना खटकते. प्रत्यक्षात तीच अस्सलपणाची पहिली खूण आहे.

केशर म्हणजे क्रोकस सॅटिव्हस या वनस्पतीच्या फुलातील वाळवलेली कुक्षी. एका फुलात तिचे तीन फाटे असतात. तिला रंग देणारे मुख्य द्रव्य क्रोसिन. क्रोसिनच्या कुटुंबातली, म्हणजे कॅरोटिनॉइड वर्गातली बहुतेक द्रव्ये पाण्यात विरघळत नाहीत. क्रोसिनला शर्करेचे रेणू जोडलेले असल्याने ते सहज विरघळते. दाट असताना ते लाल दिसते आणि पाण्यात पातळ झाले की पिवळे. मात्र ते काडीच्या पेशींच्या आत असते. वाळलेली काडी आधी पाणी शोषून फुगते आणि मग रंग बाहेर झिरपू लागतो. वेळ लागतो तो यामुळे. रंगवलेल्या नकली काडीवर रंग वरवर बसलेला असतो, त्यामुळे पाणी लागताच तो सुटतो.

चाचणीसाठी पांढरा पेला किंवा पांढऱ्या कागदावर ठेवलेला काचेचा पेला घेतात. त्यात सुमारे 50 मिली कोमट पाणी ओतून साधारण सारख्या लांबीच्या दहा काड्या सोडतात आणि पाणी ढवळत नाहीत. उकळते पाणी टाळावे, कारण त्यात सगळेच रंग झपाट्याने सुटतात आणि खऱ्याखोट्यातला वेळेचा फरक पुसट होतो.

दोन नमुने शेजारी ठेवले की फरक चटकन कळतो. पहिल्या पेल्यात मिनिटभराने काड्यांखालून पिवळे बारीक धागे तळाकडे उतरताना दिसतात. पाच मिनिटांत पाणी फिकट पिवळे होते, दहा-पंधरा मिनिटांत सोनेरी. काडी बाहेर काढून पाहिली तर ती फुगलेली पण लाल असते, एका टोकाला कर्ण्यासारखी पसरलेली दिसते आणि बोटांत चोळली तरी तिचा लगदा होत नाही. दुसऱ्या पेल्यात अर्ध्या मिनिटातच पाणी लाल-नारिंगी होते. थोड्याच वेळात काड्या पांढुरक्या पडतात. त्या कागदाच्या तंतूंच्या असतील तर विरतात, मक्याच्या कणसाच्या केसांच्या असतील तर नुसते रंगहीन दोरे उरतात. म्हणून पाण्यापेक्षा काडीकडे अधिक लक्ष द्यावे. पाण्याचा रंग नकलता येतो, पण रंग देऊनही लाल राहणारी काडी बनवणे अवघड असते.

करडईच्या पाकळ्या मात्र चकवतात. त्यांचे पाणीही पिवळेच होते, कारण त्यातील पिवळे द्रव्य पाण्यात विरघळते. पण भिजल्यावर त्या उलगडतात आणि कर्ण्याऐवजी फुलाच्या बारीक नळीला फुटलेल्या चिंचोळ्या पाकळ्या दिसतात. भिंगाखाली हे सहज ओळखता येते.

खरेपणा आणि कस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या चाचणीत त्यांचीच गल्लत सर्वांत जास्त होते. जुने किंवा उजेडात राहिलेले केशर अस्सल असूनही फिकट पाणी देते, कारण प्रकाश, उष्णता आणि ओलावा यांनी क्रोसिन घटते. काडीसोबत पिवळसर देठाचा, म्हणजे कुक्षीवृंताचा भाग जास्त असला तरी रंग कमी पडतो, कारण त्यात रंगद्रव्य फारच थोडे असते. उलट चुरा झालेले अस्सल केशर पटकन रंग सोडते आणि उगाच संशयाचे धनी होते. त्यामुळे कसाची तुलना करायची तर अखंड काड्या, सारखे वजन आणि एकाच तापमानाचे पाणी हवे. एक काडी साधारण 2 मिलिग्रॅम भरते, म्हणून काड्या मोजून केलेली तुलना ढोबळच राहते.

प्रयोगशाळेत हाच गुण आकड्यात मांडतात. आयएसओ 3632 या मानकानुसार 500 मिलिग्रॅम केशराचा 1 लिटर पाण्यात अर्क काढून तो दहापट पातळ करतात आणि 440 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश तो किती शोषतो हे मोजतात. हे शोषण 1.0 आले, तर ओलाव्याची वजावट न धरता रंगशक्ती 200 ठरते. पहिल्या श्रेणीसाठी किमान तेवढी लागते.

पेल्यातील चाचणीची सर्वांत मोठी मर्यादा गार्डेनिया या झुडपाच्या फळाची. त्यातही क्रोसिनच असते, म्हणून त्याच्या अर्काने पाणी हुबेहूब केशरासारखे सोनेरी होते. रंग काढून घेतलेल्या अस्सल काड्या अशा अर्कात भिजवून वाळवल्या, तर काडीचा आकारही खरा आणि छटाही खरी. अशा वेळी संशय घ्यायचा तो रंग लवकर सुटण्यावरून आणि काडी लवकर फिकी पडण्यावरून. खात्री मात्र घटकद्रव्ये वेगळी करून पाहणाऱ्या क्रोमॅटोग्राफीनेच होते.