गेमचं चित्र स्वच्छ कसं करावं : मोशन ब्लर, क्रोमॅटिक ॲबरेशन आणि ब्लूम

नवं ग्राफिक्स कार्ड बसवूनही गेम धूसर दिसतो, अशी तक्रार आमच्याकडे वरचेवर येते. बहुतेक वेळा कार्डात काहीच दोष नसतो. कॅमेऱ्याच्या भिंगाचा भास व्हावा म्हणून गेम स्वतःच चित्रावर काही थर चढवतो. मोशन ब्लर हलतं चित्र फरफटल्यासारखं दाखवतो. क्रोमॅटिक ॲबरेशन लाल आणि निळा रंग किंचित बाजूला सरकवतं. ते पडद्याच्या मध्यावर जवळजवळ दिसत नाही, पण कोपऱ्यांत तारा, कुंपणं, पानांच्या कडा यांना रंगीत किनार येते. ब्लूममुळे उजळ वस्तूंचा प्रकाश आजूबाजूला सांडतो.

आधी गेमचा ग्राफिक्स मेनू नीट पाहा. हे पर्याय तिथे असतील तर तिथूनच बंद करा, गेमच्या सेटिंग्जच्या फाइलला हात लावण्याची गरज नाही. अडचण होते ती मेनूत फक्त 'पोस्ट प्रोसेसिंग' एवढा एकच पर्याय असतो तेव्हा. अनेक गेम ज्या सॉफ्टवेअरवर बनतात त्या अनरिअल इंजिनच्या मूळ मांडणीत हा पर्याय सगळ्यात खाली आणला की मोशन ब्लर आणि रंगीत किनार जाते, पण ब्लूम राहतो. शिवाय ॲम्बियंट ऑक्लूजनही जातं, म्हणजे भिंतींच्या कोपऱ्यांतल्या आणि वस्तूंखालच्या मऊ सावल्या नाहीशा होऊन दृश्य सपाट दिसू लागतं. म्हणून अशा गेममध्ये पोस्ट प्रोसेसिंग वरच ठेवावं आणि नको ते थर `Engine.ini` या सेटिंग्जच्या फाइलमधून काढावेत, असा आमचा सल्ला आहे.

विंडोजवर अनरिअलच्या बहुतेक गेमची ही फाइल पुढील ठिकाणी असते. अनरिअल 4 च्या गेममध्ये शेवटच्या फोल्डरचं नाव `WindowsNoEditor` असतं, अनरिअल 5 मध्ये `Windows`.

```
%LOCALAPPDATA%\<गेमचं फोल्डर>\Saved\Config\WindowsNoEditor\Engine.ini
```

फोल्डरचं नाव गेमच्या नावासारखं असेलच असं नाही, कारण स्टुडिओनं काम सुरू करताना दिलेलं नाव बऱ्याचदा तसंच राहून जातं. गेम एकदा उघडून बंद करा आणि `%LOCALAPPDATA%` मधली फोल्डरं तारखेनुसार लावा. हवं ते वरच सापडेल.

गेम पूर्ण बंद असताना फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, मग ती नोटपॅडमध्ये उघडा. आत `Paths=` नं सुरू होणाऱ्या ओळी असतील तर त्यांना धक्का लावू नका. सगळ्यात खाली एक ओळ सोडून हे लिहा:

```
[SystemSettings]
r.MotionBlurQuality=0
r.SceneColorFringeQuality=0
```

या विभागातल्या किमती इंजिन मेनूतल्या दर्जाच्या वर धरतं. म्हणून मेनूत पोस्ट प्रोसेसिंग 'हाय' ठेवलं तरी हे दोन थर बंदच राहतात आणि सावल्याही टिकतात.

ब्लूमची ओळ आम्ही मुद्दाम वेगळी ठेवली आहे. `r.BloomQuality=0` लिहिलं की ब्लूम पूर्ण जातो, पण निऑनचे दिवे, आग, सूर्य हे सगळं त्यावरच बेतलेलं असेल तर ते पांढऱ्या कागदाचे तुकडे चिकटवल्यासारखं दिसतं. 0 ऐवजी 1 किंवा 2 लिहून ब्लूम सौम्य होत नाही, त्या आकड्यानं फक्त त्याचा दर्जा बदलतो. तेव्हा आधी वरच्या दोन ओळींनी खेळून पाहा आणि ब्लूम खरोखर खुपत असेल तरच ही तिसरी ओळ घाला.

बदल लागू झाला का हे पाहायला एका जागी उभं राहून पडद्याच्या कोपऱ्यातली बारीक, उजळ कड न्याहाळा. रंगीत किनार गेली असेल तर फाइल वाचली जात आहे. नसेल तर फाइल पुन्हा उघडा. काही गेम बंद होताना आपल्या ओळी पुसून टाकतात. अशा वेळी ओळी परत लिहून फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीड-ओन्ली'वर खूण करा. ओळी जागेवर असूनही फरक पडत नसेल, तर त्या गेमनं ही फाइल वाचणंच बंद केलेलं असू शकतं किंवा गेम स्वतःच्या कोडमधून किमती बदलत असेल. तिथे हा उपाय चालत नाही.

किनार गेली, तरी वळताना चित्र पुसट दिसतं? मग कॅमेरा फिरवत असतानाच स्क्रीनशॉट घ्या. स्क्रीनशॉट स्वच्छ आला तर पुसटपणा मॉनिटरचा आहे. स्क्रीनशॉटमध्ये हलणाऱ्या वस्तूमागे तिचीच फिकट सावली रेंगाळत असेल तर ते आधीच्या फ्रेम मिसळून कडा गुळगुळीत करणाऱ्या टेम्पोरल अँटी-अलायझिंगचं किंवा लहान चित्र मोठं करणाऱ्या अपस्केलिंगचं काम आहे, आणि वरच्या ओळींनी ते जाणार नाही.

अँटी-चीट असलेल्या ऑनलाइन गेममध्ये कॉन्फिग फाइल बदलण्याआधी त्या गेमचे नियम वाचा, कारण काही ठिकाणी यावर कारवाई होते. सगळं मूळपदावर आणायचं असेल तर रीड-ओन्लीची खूण काढा आणि बाजूला ठेवलेली प्रत परत टाका. आमच्याकडे विचारणा करताना गेमचं नाव, `Engine.ini` फाइल आणि कॅमेरा फिरवताना घेतलेला तो स्क्रीनशॉट सोबत द्या.