पाठ झालेली कविता दुसऱ्या कडव्यापाशीच का अडते?

मराठीच्या तोंडी परीक्षेत मूल कविता म्हणताना अडले, की 'घरात तर घडाघडा म्हणत होता की!' हे वाक्य कोल्हापुरातल्या बहुतेक घरांत ऐकू येते. पालकांचे म्हणणे खरेच असते. चूक असते ती 'पन्नास वेळा वाचले की पाठ होते' या समजुतीत. वारंवार वाचल्याने ओळी ओळखीच्या होतात आणि ती ओळखच आपल्याला पाठांतर वाटू लागते. परीक्षेत मात्र ओळ समोर नसताना ती स्वतः आठवून काढायची असते.

हा फरक किती मोठा आहे, हे रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एक गद्य उतारा दोनदा वाचला. दुसरा उतारा त्यांनी एकदाच वाचला आणि नंतर न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. ज्यांना पाच मिनिटांनी तपासले त्यांना दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवला, ८१ टक्के विरुद्ध ७५. ज्यांना आठवड्याने तपासले त्यांना मात्र तो ४२ टक्केच आठवला आणि आठवून लिहिलेला उतारा ५६ टक्के. आदल्या रात्री वाचून झाल्यावर वाटणारा आत्मविश्वास म्हणूनच फसवा असतो.

कवितेच्या बाबतीत याहून सूक्ष्म गोष्ट घडते आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. उदाहरणासाठी मोठ्या अभंगाच्या छंदात रचलेली ही दोन कडवी घेऊ:

दाटले आभाळ, नदी चढे घाट,
बुडे पायवाट मंदिराची.

ओसरले पाणी, उरे मऊ गाळ,
त्यातून सकाळ उगवते.

या छंदात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक जुळते. 'घाट' म्हटल्यावर पुढे 'ट'ने संपणारा सहा अक्षरांचा चरण हवा, एवढे कानाला कळत असल्यामुळे चुकीचे शब्द आपोआप गळतात आणि 'पायवाट' चटकन सापडते. प्रत्येक चरण पुढच्या चरणाची खूण होतो आणि साखळी चालू राहते. आता कडव्याचा शेवट पाहा. 'मंदिराची' या शब्दाचे 'ओसरले' या शब्दाशी यमक नाही आणि व्याकरणाचे वाक्यही तिथेच पूर्ण झालेले आहे. साखळीची सर्वांत कच्ची कडी ही, आणि मुले बहुधा तिथेच थांबतात. घरी ही कडी कच्ची असल्याचे कळत नाही, कारण मूल क्षणभर थांबताच आई 'ओसरले…' असे सांगून मोकळी होते. मग पाठ होते ती आईच्या शब्दानंतरची ओळ. परीक्षेत तो शब्द देणारे कोणी नसते.

यावर उपाय सांध्याचाच सराव हा आहे. वहीत फक्त 'मंदिराची' लिहावे आणि मुलाला पुढचा चरण विचारावा. मूल थांबले तर मनात दहा अंक मोजेपर्यंत काही सांगू नये. आठवण्याची ती धडपडच स्मृती पक्की करते. मग पुस्तक उघडून तपासावे, कारण न तपासता म्हटलेली चूकही तितकीच पक्की होते. उलटही करून पाहावे: एकदम दुसऱ्या कडव्यापासून म्हणायला सांगावे. पहिल्यापासून सुरुवात केल्याशिवाय दुसरे कडवे येत नसेल, तर त्या कडव्याला स्वतःची खूण नाही असे समजावे.

ती खूण अर्थातून मिळते. पहिल्या कडव्यात पाणी चढते आणि दुसऱ्यात उतरते, एवढे ध्यानात आले की यमक नसलेल्या जागी कार्यकारण उभे राहते. पंचगंगेचा पूर आणि नंतर घाटावर साचलेला चिखल पाहिलेल्या मुलाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. म्हणून गाइडमधला भावार्थ स्वतंत्रपणे घोकणे दुहेरी तोट्याचे आहे: ती दुसरी सुटी साखळी होते आणि परीक्षकांनी 'गाळातून सकाळ कशी उगवेल?' असे विचारताच तुटते. प्रत्येक कडवे म्हणून झाल्यावर पुस्तक मिटून 'यात काय घडले आणि पुढच्या कडव्याशी त्याचा काय संबंध?' हे मुलाने स्वतःच्या शब्दांत सांगितले, तर अर्थ आणि पाठांतर एकमेकांना आधार देतात.

परीक्षेच्या हंगामात स्मरणशक्ती वाढवणाऱ्या सिरपच्या जाहिराती येतात. 'मंदिराची' आणि 'ओसरले' यांच्यातला दुवा कोणत्याही बाटलीतून येत नाही आणि पालकांनी त्यावर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. कविता पुरेशी ऐकली-वाचली नसताना आठवायला लावले, तर आठवायला काही नसतेच; म्हणून पहिल्या दिवशी चालीत चार-पाचदा म्हणून अवघड शब्द समजून घ्यावेत आणि आठवण्याचा सराव त्यानंतर सुरू करावा. तो सलग तासभर करण्याऐवजी दुसऱ्या दिवशी, मग दोन-तीन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने, प्रत्येक वेळी थोडे विसरल्यावर करावा. त्यासाठी परीक्षेआधी निदान दोन आठवडे हाताशी हवेत.