पाच हजार डॉलरची हिरवी कँडल

मागच्या आठवड्यात भाच्याने एक स्क्रीनशॉट पाठवला. कुठल्याशा नव्या क्रिप्टो टोकनचा पाच मिनिटांचा चार्ट, शेवटी भाववाढ दाखवणारी एक उंचच उंच हिरवी कँडल आणि खाली त्याची ओळ : 'मामा, ब्रेकआउट झाला, २१ टक्के!' मला त्या २१ वरच हसू आलं. १.१ चा वर्ग १.२१. म्हणजे कुणा एकाने त्या टोकनच्या सामाईक साठ्यातल्या, म्हणजे पूलमधल्या डॉलरच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी खरेदी केली असणार. मी त्याला म्हटलं, 'चार्टखाली व्यवहारांची यादी असते, ती बघ.' त्या पाच मिनिटांत खरेदी झाली होती फक्त एक, पाच हजार डॉलरची.

हे चार्ट न बघता कसं सांगता येतं, ते समजून घ्यायला आठवीचं बीजगणित पुरतं.

शेअर बाजारात भाव ठरतो तो समोरासमोरच्या मागण्यांमधून. कुणी १०० ला विकायला तयार, कुणी ९९ ला घ्यायला. विकेंद्रित एक्स्चेंजमध्ये समोर विकणारा नसतोच, असतो एक पूल. हेडन अ‍ॅडम्स या तरुण यांत्रिकी अभियंत्याने नोव्हेंबर २०१८ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवर सुरू केलेल्या युनिस्वॅपने ही पद्धत रुळवली. पूल म्हणजे दोन डबे समजा, एकात डॉलर (खरं तर डॉलरशी जोडलेलं नाणं), दुसऱ्यात टोकन. नियम एकच : दोन्ही डब्यांतल्या संख्यांचा गुणाकार कायम राहिला पाहिजे.

```
x × y = k
```

भाव कुठे लिहून ठेवलेला नसतो. डॉलरच्या संख्येला टोकनच्या संख्येने भागलं की जे येतं तो भाव.

भाच्याच्या टोकनचे आकडे थोडे गोल करून घेऊ. एका डब्यात ५०,००० डॉलर, दुसऱ्यात ५० लाख टोकन. भाव झाला एक सेंट, म्हणजे ०.०१ डॉलर. आता आपला गडी ५,००० डॉलर घेऊन येतो. त्यातून ०.३ टक्के, म्हणजे १५ डॉलर शुल्क जातं (ते डॉलरच्याच डब्यात राहतं). उरलेल्या ४,९८५ नी हिशोब धरला तर डॉलर झाले ५४,९८५. गुणाकार कायम ठेवायचा तर टोकनच्या डब्यात साधारण ४५,४६,६९५ उरले पाहिजेत. म्हणून त्याला मिळाले ४,५३,३०५ टोकन. एक सेंटच्या भावाने पाच लाख मिळायला हवे होते, म्हणजे प्रत्येक टोकन त्याला सरासरी १.१ सेंटला पडलं. आणि खरेदी संपल्यावर चार्टवर भाव दिसतो १.२१ सेंट.

यातून एक सोपं गणित हाताशी येतं. तुमची रक्कम पूलमधल्या डॉलरच्या जितके टक्के, साधारण तितके टक्के महाग तुम्हाला माल पडतो, आणि चार्टवरचा भाव मात्र त्याच्या दुपटीने किंवा थोडा जास्तच हलतो. एक टक्क्याहून महाग नको असेल तर या पूलमध्ये ५०० डॉलरच्या वर जाता येत नाही. चार्टवर कितीही सुंदर आकृती बनलेली असो. इथे आणखी एक फसगत होते : वेबसाइटवर 'लिक्विडिटी' म्हणून जो आकडा दिसतो तो बहुधा दोन्ही डब्यांचा मिळून असतो. तिथे एक लाख दिसले तर त्यातले डॉलर पन्नास हजारच. बाकीचं ते टोकनच, स्वतःच्याच भावाने मोजलेलं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. खरेदी झाल्या झाल्या त्या माणसाचं वॉलेट काय दाखवेल? ४,५३,३०५ टोकन गुणिले १.२१ सेंट, म्हणजे ५,४८० च्या आसपास डॉलर. आत येताच पावणेपाचशेचा नफा! पण त्याने सगळं लगेच विकलं तर हातात येतील साधारण ४,९७३ डॉलर. तो नफा त्याच्याच खरेदीची सावली होता. चार्टवरचा भाव हा पुढच्या अगदी पहिल्या टोकनचा भाव असतो, तुमच्या अख्ख्या पोत्याचा नसतो.

पोतं मोठं असेल तर सावली आणखी लांब पडते. समजा पुढे लोक घेत गेले आणि भाव चार सेंट झाला. त्याच गुणाकाराने डब्यांत असतील एक लाख डॉलर आणि २५ लाख टोकन. तुमच्याकडे दहा लाख टोकन आहेत. स्क्रीनवर किंमत दिसते ४०,००० डॉलर. एकदम विकायला जाल तर मिळतील साडेअठ्ठावीस हजार, आणि तुमच्यामागे चार्टवर भाव निम्म्यावर आलेला दिसेल. पुष्कळजण म्हणतात, मग तुकड्यांत विकू. नुसते तुकडे केल्याने काही वाचत नाही, कारण मधे दुसऱ्या कुणी व्यवहार केला नाही तर हे सूत्र तुम्हाला त्याच बिंदूवर आणून सोडतं. दोन तुकड्यांच्या मधे नवा घेणारा आला तरच फायदा. मोठ्या नाण्यांमध्ये दुसऱ्या बाजारांतल्या भावाचा फरक साधणारे लोक ते काम करतात. ज्याला दुसरा बाजारच नाही अशा टोकनसाठी ते येणार कुठून?

चार्टवर अजिबात न दिसणारी गोष्ट याहून वाईट. पूलमध्ये सुरुवातीला डॉलर आणि टोकन ठेवणाऱ्याने दोन्ही डब्यांतून निम्मा निम्मा माल काढून घेतला तर भागाकार तोच राहतो. भाव जागचा हलत नाही, कँडल उमटत नाही. पण आता डब्यात डॉलर उरले २५,०००, आणि तीच पाच हजारांची खरेदी भाव ४४ टक्क्यांनी उडवते. कालपर्यंत बुटक्या असलेल्या कँडल त्याच रकमांना अचानक उंच होऊ लागल्या की उत्साह वाढला असं वाटतं. खरं म्हणजे पाणी आटलेलं असतं.

म्हणून अशा चार्टवर हॅमर नि डोजी या कँडलच्या आकृती शोधून भाकीत करणाऱ्यांचं मला नवल वाटतं. त्या आकृतींमागे हजारोंची घासाघीस असते असं गृहीत धरलेलं आहे. इथे तीन वॉलेटं मिळून वाटेल ती आकृती काढतात. यापेक्षा राशिभविष्य बरं, त्यात निदान शुल्क कापलं जात नाही.

युनिस्वॅपच्या मे २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत हे थोडं गुंतागुंतीचं झालं. तिथे माल ठरावीक भावपट्ट्यांतच ठेवता येतो, त्यामुळे एका पट्टीत खोल पाणी आणि पुढच्या पावलाला खडक असं होऊ शकतं. लिक्विडिटीच्या एका आकड्यावरून खोली कळत नाही. यावर भाच्याला मी सांगितलेला उपाय साधा आहे : घेण्याआधी अदलाबदलीच्या पानावर उलटा व्यवहार टाकायचा, जितके टोकन घेणार तितके विकायला लावून डॉलर किती येतात ते बघायचं, आणि बटण दाबायचं नाही. त्याने दहा लाखांचा आकडा टाकला आणि बराच वेळ गप्प राहिला.

हे कोटेशनही फक्त खोली सांगतं, दार उघडं आहे की नाही ते सांगत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात स्क्विड नावाच्या टोकनचा चार्ट वरच वर चढत होता, कारण घेणाऱ्यांना ते विकताच येत नव्हतं. १ नोव्हेंबरला भाव २,८६१ डॉलरपर्यंत गेला आणि काही मिनिटांत जवळजवळ शून्यावर आला. तिथे डब्यांचं गणित बरोबरच होतं. बघायची होती ती व्यवहारांची यादी, आणि त्या यादीत वेगवेगळ्या लोकांनी केलेली विक्री दिसते का ते.