ध्वनिदिशा-निश्चिती, मस्तिष्कस्तंभातील

डोळ्याच्या पडद्यावर वस्तूची जागा आपोआप उमटते. कानाचे तसे नाही. आतल्या कानातील कॉक्लियात फक्त स्वराची उंची आणि जोर नोंदला जातो. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, याचा तिथे मागमूस नसतो. दिशा काढण्यासाठी दोन्ही कानांच्या नोंदी शेजारी ठेवून फरक पाहावा लागतो. हे काम मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कस्तंभातील पॉन्सच्या खालच्या भागात, सुपिरिअर ऑलिव्ह नावाच्या पेशीसमूहात होते. आवाज ‘ऐकू आला’ असे जाणवण्याआधीच हा हिशेब सुरू झालेला असतो.

फरक दोन प्रकारचे असतात, हे लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली मांडले. पहिला वेळेचा. सरासरी डोक्याची त्रिज्या पावणेनऊ सेंटिमीटर धरली, तर अगदी बाजूने आलेला आवाज दूरच्या कानाला सुमारे ६५० मायक्रोसेकंद उशिरा पोचतो. समोरून ३० अंश उजवीकडे असलेल्या आवाजाचा फरक सुमारे २६०, तर एक अंशाचा जेमतेम ९ मायक्रोसेकंद भरतो. समोरच्या बाजूला माणसाला साधारण एवढा एक अंशही ओळखता येतो. गंमत अशी, की चेतापेशीचा एक विद्युत्-ठोका स्वतःच सुमारे एक हजार मायक्रोसेकंद चालतो.

हे साधते कसे? सुपिरिअर ऑलिव्हच्या आतल्या बाजूच्या भागात, म्हणजे मीडियल सुपिरिअर ऑलिव्हमध्ये, प्रत्येक पेशीला दोन फांद्या असतात. एकीवर डाव्या कानाचे संदेश येतात, दुसरीवर उजव्या. दोन्ही एकाच क्षणी आले तरच पेशी जोराने पेटते. लॉइड जेफ्रेस यांनी १९४८ साली अशी कल्पना मांडली, की वेगवेगळ्या लांबीच्या तंतूंमुळे प्रत्येक पेशी एकेका विशिष्ट विलंबासाठी जुळवलेली असावी. गव्हाणी घुबडात अशी रचना सापडली. सस्तन प्राण्यांत मात्र चित्र वेगळे निघाले: जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यात ग्लायसिन या रसायनातून येणारा रोधक संदेश बंद केला, तेव्हा पेशींचा आवडता विलंब शून्याकडे सरकला. म्हणजे नुसती तंतूंची लांबी पुरत नाही, नेमक्या वेळी येणारा रोधही लागतो. किती प्रमाणात, यावर वाद चालू आहे.

साधारण दीड हजार हर्ट्‌झच्या वर ही युक्ती लंगडी पडते. लाटा इतक्या जवळजवळ येतात की कोणती लाट कोणाच्या आधी, हे ठरत नाही. तिथे दुसरा फरक उपयोगी पडतो, जोराचा. उंच स्वरांना डोके आडवे येते आणि दूरच्या कानावर सावली पडते. हा फरक २० डेसिबलपर्यंत जातो. याचा हिशेब बाहेरच्या बाजूच्या भागात, म्हणजे लॅटरल सुपिरिअर ऑलिव्हमध्ये, वजाबाकीने होतो: आपल्या बाजूच्या कानाकडून उत्तेजन, पलीकडच्या कानाकडून रोध. पलीकडचा संदेश लांबून आणि मध्ये एक थांबा घेऊन येतो, तरी मागे पडत नाही, कारण त्या थांब्यावर ‘कॅलिक्स ऑफ हेल्ड’ हा प्रचंड आकाराचा, अतिशय वेगवान चेतासंधी आहे.

आता बिघाडाची किल्ली. उजवीकडचा आवाज वेळेच्या हिशेबात मुख्यतः डाव्या मीडियल ऑलिव्हला पेटवतो आणि तो संदेश त्याच बाजूने वर जातो. जोराच्या हिशेबात उजवा लॅटरल ऑलिव्ह पेटतो, पण त्याचा उत्तेजक संदेश ओलांडून डावीकडे जातो. परिणामी दोन्ही वाटा मध्यमेंदूतील श्रवणाच्या पुढच्या केंद्रात, डाव्या इन्फिरिअर कॉलिक्युलसमध्ये, मिळतात. तिथून वर, उजवी बाजू डाव्या मेंदूकडे असते.

म्हणून इजा ऑलिव्हच्या खाली आहे की वर, याने सारे बदलते. पॉन्सच्या खालच्या भागात कान-कानांना जोडणारे तंतू, विशेषतः ट्रॅपेझॉइड बॉडी, दुखावले तर तुलनाच होत नाही. ऑलिव्हच्या वर एका बाजूला इजा झाली तर तुलना झालेली असते, पण तिचा निकाल नीट पोचत नाही. मांजरांवरच्या प्रयोगांत अशा वेळी इजेच्या विरुद्ध बाजूचे आवाज चुकले.

माणसांत मिरियम फर्स्ट आणि सहकाऱ्यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस व मस्तिष्कस्तंभातील पक्षाघाताचे रुग्ण तपासून हेच २००० साली दाखवले. हेडफोनमधून दोन्ही कानांत थोड्या फरकाने टिचक्या दिल्या आणि त्या डोक्यात कुठे ऐकू येतात ते विचारले. समजा, उजवा कान आघाडीवर ठेवून फरक हळूहळू वाढवत नेला. निरोगी माणसाला टिचकी मध्यापासून उजव्या कानाकडे सरकताना जाणवते. पॉन्सच्या खालच्या भागातील इजेत ती मध्यातच अडकून राहते. ऑलिव्हच्या वरच्या इजेत उलट, ती कोणत्यातरी एका कानाशी जाऊन बसते, मधल्या जागा हरवतात.

अशा रुग्णाचा श्रवणालेख मात्र सामान्य येऊ शकतो, कारण त्यात प्रत्येक कान वेगळा तपासला जातो. रोजच्या वागण्यातही दोष झाकला जातो: आवाज लांबला की माणूस मान वळवतो आणि फरक पुन्हा पुन्हा पडताळून दिशा शोधतो. म्हणून चाचणीला हेडफोन तरी हवा, नाहीतर मान वळायच्या आत संपणारा आवाज.