जुळे आकडे आणि मांडण्यांचा घोळ

२, २, १, १ हे चार आकडे वापरून चार अंकी संख्या किती होतील? भास्कराचार्यांनी ११५० साली लीलावतीत, अंकपाशाच्या भागात, हे उदाहरण दिलंय आणि उत्तर आहे ६. चार वेगळे आकडे असते तर २४ झाल्या असत्या, पण १ ची जोडी आणि २ ची जोडी आपापसात बदलली तरी संख्या तीच, म्हणून २४ ला आधी २ ने आणि परत २ ने भागायचं.

आता मोजायच्या नाहीत, सगळ्या प्रत्यक्ष लिहून काढायच्यात. बरेच जण म्हणतात सगळ्या काढा आणि डुप्लिकेट फेका. चार आकड्यांना चालतं हो, पण दहा १ आणि दहा २ घ्या, वेगळ्या मांडण्या फक्त १,८४,७५६, आणि फेकाफेकी करायला आधी २० फॅक्टोरियल काढाव्या लागतील, सेकंदाला शंभर कोटी काढल्या तरी सत्तरहून जास्त वर्षं!

त्यापेक्षा बॅकट्रॅकिंग वापरा, त्यात एकेक जागा भरत जायचं, पुढचं सगळं करून झालं की आकडा उचलून परत ठेवायचा आणि त्याच जागी दुसरा बघायचा. खरी गंमत एका अटीत आहे. आकडे आधी सॉर्ट करा: १, १, २, २. मग प्रत्येक जागेसाठी आकडा निवडताना, तो आधीच वापरात असेल तर सोडायचाच, शिवाय हे, a म्हणजे ही सॉर्ट केलेली यादी आणि used[i] म्हणजे तिच्यातला a[i] सध्या वापरात आहे का:

```python
if i > 0 and a[i] == a[i-1] and not used[i-1]:
    continue
```

पहिल्या जागी पहिला १ ठेवला, त्याच्या सगळ्या मांडण्या काढल्या, परत घेतला. आता दुसऱ्या १ ची पाळी. त्याचा जुळा डावीकडे मोकळा बसलाय, म्हणजे याच जागेवर तो नुकताच येऊन गेलाय, मग परत तेच कशाला, सोडा. पण पहिला १ पहिल्या जागेवर बसलेला असताना दुसऱ्या जागेसाठी दुसरा १ आला, तर जुळा वापरात आहे, ही पुनरावृत्ती नाही, येऊ द्या. म्हणून पहिल्या जागी दोनच फांद्या फुटतात. १ च्या फांदीवर ११२२, १२१२, १२२१ आणि २ च्या फांदीवर २११२, २१२१, २२११. झाल्या सहा, एकही फेकावी लागली नाही.

आपला प्रोग्राम चुकलाय हे आउटपुटवरूनच कळतं. not used[i-1] विसरलात तर दुसरा १ कुठेच बसू शकत नाही, एकही मांडणी पूर्ण होत नाही, उत्तर शून्य. आणि सॉर्ट न करता १, २, १, २ असेच दिले तर जुळे शेजारी नसतात, अट कधी लागतच नाही आणि पूर्ण २४ ओळी छापून येतात.